पाऊस २० जुलैला आला: काळ्या रानात काय आणि मुरमाडात काय?

प्रश्न: मी बीएस्सी कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपत्कालीन पीक नियोजनाचा तक्ता पाठ आहे, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात हे पेरा आणि ते पेरू नका. पण तोंडी परीक्षेत "का?" विचारलं की अडतो. मूग ६५-७० दिवसांत येतो, मग उशीर झाल्यावर यादीतून तोच पहिला का कापतात? शिवाय आमच्याकडे एकाच बांधाला काळी आणि मुरमाड अशा दोन्ही जमिनी आहेत. दोन्हीला सल्ला एकच कसा? (जिल्हा मराठवाड्यातला, शेती पूर्ण कोरडवाहू.)

उत्तर:

तक्ता पेरणीच्या तारखेने सुरू होतो, म्हणून सगळे "किती उशीर झाला" हे मोजत बसतात. खरं तर हिशोब दुसऱ्या टोकाकडून करायचा असतो. पाऊस महिनाभर उशिरा आला म्हणून तो महिनाभर उशिरापर्यंत थांबत नाही. मान्सून परतायची वेळ त्याच्या येण्याच्या वेळेवर ठरत नाही. २०२३ साल आठवा. केरळात मान्सून ८ जूनला आला, मुंबईला पोचायला २५ जून उजाडला, आणि पुढे ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा निघाला. उशिरा आलेल्या पावसाने मागची भरपाई केली नाहीच, मधला घासही काढून घेतला. म्हणून हंगाम पुढे सरकला असं म्हणू नका. तो समोरून आखूड झाला, मागचं टोक जागच्या जागीच आहे.

तेव्हा पहिला प्रश्न असा: माझ्या शेतात पिकाला पाणी कोणत्या तारखेपर्यंत मिळेल? त्या तारखेतून पेरणीची तारीख वजा केली की हाती येतात ते दिवस. पीक त्या दिवसांत बसवायचं. तुमच्या काळ्या आणि मुरमाड रानाचं उत्तर इथेच वेगळं होतं, कारण शेवटचा पाऊस दोन्ही रानांवर एकाच दिवशी पडला तरी दोन्हींतलं पाणी एकाच दिवशी संपत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. खालचे आकडे मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीसाठी आणि सरासरी वर्षासाठी आहेत. पूर्व विदर्भात किंवा कोकणात पावसाचं गणित निराळं. सोलापूर-नगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात खरिपापेक्षा रब्बीचाच भरवसा जास्त असतो. तुम्ही पद्धत उचला आणि आकडे तुमच्या मंडळाचे टाका.

आता एक शेत घेऊ. पाच एकर, त्यातलं तीन एकर काळं आणि दोन एकर मुरमाड. विहीर आहे पण उन्हाळ्यात कोरडी पडते, म्हणजे कोरडवाहूच धरायचं. घरात बैलजोडी आणि एक गाय. घरचं सोयाबीनचं बियाणं राखून ठेवलेलं. मृग कोरडा गेला, आर्द्रा आणि पुनर्वसूत नुसत्या सरी, आणि पुष्य लागता लागता १८ ते २० जुलैला तीन दिवसांत ८५ मिलिमीटर पाऊस झाला. अशी स्थिती मी कितीतरी वेळा पाहिली आहे आणि दर वेळी शेतकऱ्याचा पहिला फोन हाच असतो, "साहेब, सोयाबीन टाकू का?"

हो-नाही सांगण्याआधी मी त्याला दोन्ही रानांत खड्डा घ्यायला लावतो. कुदळीने पार खालचा मुरूम लागेपर्यंत. यातून दोन गोष्टी कळतात. एक, ओल किती खोल गेली. सोयाबीनसाठी आपण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो, पण महिनाभर तापलेल्या काळ्या रानात भेगा असतात आणि पाणी भेगांतून खाली जातं. वरची चार बोटं ओली, मध्ये कोरडा थर आणि भेगेच्या तळाशी पुन्हा ओल, असंही सापडतं. असा कोरडा थर मध्ये असेल तर बी उगवतं, मूळ त्या थरापाशी अडतं, आणि आठ दिवस उघडीप पडली की रोप माना टाकतं. वरून खाली सलग वीतभर तरी माती मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल तरच वापसा आल्यावर तिफण काढायची.

दुसरी गोष्ट म्हणजे मातीची खोली. आपल्या शेतात काळं रान ९० सेंटिमीटर निघालं आणि मुरमाड ३० सेंटिमीटर. पुढचं सगळं या दोन आकड्यांवर उभं आहे.

चांगली काळी माती दर १० सेंटिमीटर खोलीला पिकाला घेता येईल असं साधारण १५ मिलिमीटर पाणी धरते. ९० सेंटिमीटरला झाले १३५. पण यातलं शेवटचं पाणी पिकाला फार ओढून घ्यावं लागतं, म्हणून पिकाला ताण न पडता मिळणारं पाणी मी साधारण ६० टक्के धरतो, म्हणजे ८० मिलिमीटरच्या आसपास. मुरमाडात खडे असतात आणि खड्यांत पाणी राहत नाही. तिथे दर १० सेंटिमीटरला ११ धरा. ३० सेंटिमीटरला ३३, आणि त्यातलं सहज मिळणारं निम्मं, म्हणजे १६-१७ मिलिमीटर. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला उभं पीक दिवसाला साधारण ४ मिलिमीटर पाणी पितं. म्हणजे पाऊस थांबल्यावर काळं रान पिकाला २० दिवस सांभाळतं आणि मुरमाड चार दिवस. बांध एकच असला तरी शिदोरीत पाच पटींचा फरक आहे.

परतीचा पाऊस कधी थांबेल? त्यासाठी तुमच्या महसूल मंडळाच्या पंचवीस-तीस वर्षांच्या आठवडावार नोंदी काढा. हवामानशास्त्रीय आठवड्यांत ३९वा आठवडा २४ ते ३० सप्टेंबरचा. शेवटचा कामाचा पाऊस, म्हणजे आठवड्याला २० मिलिमीटरच्या वरचा, कोणत्या आठवड्यात झाला हे प्रत्येक वर्षासाठी लिहा. त्यातून दोन तारखा निघतात. एक मधली, जी निम्म्या वर्षांत गाठली जाते. दुसरी चारपैकी तीन वर्षांत गाठली जाणारी, अर्थातच आधीची. आपल्या शेतासाठी मधली ३० सप्टेंबर आणि सावधपणाची २० सप्टेंबर धरू. विद्यार्थी मधली एकच तारीख घेतात आणि मोकळे होतात. पण मधल्या तारखेवर केलेलं नियोजन साधारण दर दोन वर्षांतून एकदा फसणारच, मधल्या तारखेचा अर्थच तो आहे.

आता सोयाबीन तपासू. जेएस-३३५ सारखं ९५ दिवसांचं वाण २० जुलैला पेरलं तर काढणी २३ ऑक्टोबरला येते. शेवटचा पाऊस ३० सप्टेंबरला धरला तर मध्ये २३ दिवस उरतात आणि काळ्या रानात शिदोरी २० दिवसांची. पहिल्या नजरेला बसत नाही असं वाटतं. पण पिकाला काढणीपर्यंत पाणी लागत नाही. दाणा भरायचं काम ८०-८२ दिवसांत आटोपतं, मग पानं पिवळी पडून गळतात आणि शेंग नुसती वाळते. म्हणजे पाण्याची गरज ९-१० ऑक्टोबरला संपते. पाऊस ३० सप्टेंबरला थांबला तर काळ्या रानाला १० दिवसांचं, म्हणजे ४० मिलिमीटर पुरवायचं आहे, ते सहज जमतं. २० सप्टेंबरला थांबला तर २० दिवसांचं ८० मिलिमीटर. जेमतेम, पण जमतं. मुरमाडात मात्र चांगल्या वर्षीसुद्धा सहा दिवस कमी पडतात आणि सावध तारखेला सोळा. दाणे भरण्याच्या ऐन वेळी कमी पडतात, म्हणून शेंगा भरपूर आणि दाणा ज्वारीएवढा अशी गत होते.

इथे तुम्ही म्हणाल, मग मुरमाडात जेएस-९३०५ सारखं ८५-९० दिवसांचं लवकर येणारं वाण टाकू. कागदावर ते मधल्या तारखेला बसतंही. तरी मी टाकू देत नाही. मुरमाडाची अडचण फक्त शेवटी येत नाही. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट, आणि हे रान चार दिवसांतच ताण दाखवतं. म्हणजे पीक शेवटच्या परीक्षेला बसण्याआधीच दोनदा नापास झालेलं असतं. हाती किती दिवस आहेत ही पहिली चाळणी. मधल्या खंडात तग धरेल का ही दुसरी.

काळ्या रानाकडे परत येऊ, कारण उशिरा पेरलेलं सोयाबीन हे जूनमधल्या सोयाबीनसारखं वागत नाही. हे आखूड दिवसांचं पीक आहे, फुलावर कधी यायचं ते दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. आपल्या अक्षांशावर २१ जूनला दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, सप्टेंबरअखेर बारा तासांचा. जूनमध्ये पेरलेल्या झाडाला वाढायला लांब दिवस मिळतात. २० जुलैचं झाड वाढीला लागेपर्यंत दिवस आखडू लागलेले असतात, म्हणून ते काही दिवस आधीच फुलावर येतं. उंची कमी, पेरं कमी, फांद्या कमी. प्रत्येक झाडाला शेंगा कमी लागणार हे ठरलेलंच आहे.

यावर उपाय एकच, झाडं वाढवा. ओळींतलं अंतर ४५ ऐवजी ३० सेंटिमीटर आणि बियाणं सव्वापट. आपल्याकडे एकरी ३० किलो टाकतात, ते ३७ किलोपर्यंत न्यायचं. असं का, हे पेरणीनंतर चाळीसाव्या दिवशी शेतात उभं राहून बघा. उशिराच्या सोयाबीनमध्ये ४५ सेंटिमीटरच्या दोन ओळींच्या मधून माती दिसते. ती उघडी माती म्हणजे वाया गेलेलं ऊन आणि तणाला मिळालेली जागा. ३० सेंटिमीटरवर रान तोपर्यंत झाकलं जातं. परीक्षेत "उशिरा पेरणीत बियाण्याचं प्रमाण २० ते २५ टक्के वाढवावे" एवढंच लिहून येऊ नका. झाड बुटकं राहतं म्हणून, हे सोबत लिहा.

बियाणं वाढवायचं ते उगवण तपासूनच. घरचं सोयाबीन मागच्या काढणीपासून पोत्यात आहे, पावसाळी हवेत त्याची उगवणशक्ती उतरते. मे महिन्यात केलेली चाचणी जुलैअखेर धरू नका, पुन्हा करा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि पाच-सहा दिवसांनी मोजा. ७० सशक्त कोंब निघाले तर वरचं प्रमाण बरोबर. ६० निघाले तर त्याच प्रमाणात वाढवा, ३७ चे ४३ होतात. त्याहून बरंच खाली गेलं तर वाढवत बसण्यात अर्थ नाही, ते बियाणं गिरणीचं.

काळ्या रानात मी नुसतं सोयाबीन घेत नाही, सोबत तूर घेतो. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. तूरही आखूड दिवसांचीच, पण तिची कथा जास्त रंजक आहे. तुम्ही विचाराल, १५० दिवसांच्या पुढची तूर या हिशोबात बसते तरी कशी? दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे तिची मुळं सोयाबीनच्या खूप खाली जातात, मुरमाच्या भेगांतसुद्धा शिरतात, त्यामुळे तिची शिदोरी ८० मिलिमीटरची राहत नाही. सुरुवातीला ती इतकी हळू वाढते की सोयाबीनच्या वाट्याचं पाणीही फारसं घेत नाही. दुसरं, दिवस आखडले की उशिराची तूरही फुलावर येतेच. जूनमधली तूर आणि जुलैअखेरची तूर यांच्या पेरणीत महिनाभराचं अंतर असतं, पण फुलं येण्यात तेवढं राहत नाही. म्हणजे पिकाचा कालावधी आपोआप आखडतो. किंमत एकच, झाड लहान राहतं. म्हणून सलग तूर घ्यायची तर ९० बाय २० सेंटिमीटरऐवजी ६० बाय २०. हेक्टरी झाडांची संख्या ५५ हजारांवरून ८३ हजारांवर जाते. वाण मात्र लवकर येणारंच हवं, बीडीएन-७११ सारखं. बीएसएमआर-७३६ हे चांगलं वाण आहे, पण ते सहा महिन्यांच्या आसपासचं. कोरडवाहूत जुलैअखेर ते पेरणं म्हणजे डिसेंबरात शेंगा भरताना पाणी शोधणं.

आता मुरमाड. दोन एकरांपैकी दीड एकर बाजरी. धनशक्तीसारखं ७५-८० दिवसांचं वाण ३ ते ८ ऑक्टोबरला काढणीला येतं, आणि दाणा भरायचं काम त्याच्या दहा-बारा दिवस आधी संपलेलं असतं. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पाणी मिळालं की झालं. सावध तारखेलाही फार तर एका पाण्याची उणीव. ऑगस्टमध्ये खंड पडला तर बाजरी थांबते, पानं गुंडाळते आणि पाऊस आला की नवे फुटवे काढते. मुख्य कणीस गेलं तरी फुटव्यांची कणसं हाताला लागतात. बियाणं हेक्टरी तीन ते चार किलो, अंतर ४५ बाय १५. एका गोष्टीवर लक्ष ठेवायचं. ही बाजरी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुलोऱ्यात येते. तेव्हा सलग ढगाळ हवा आणि भुरभुर राहिली तर अरगट येतो. कणसातून मधासारखे चिकट गुलाबी थेंब गळायला लागले की ओळखायचं, आणि तशी कणसं वेगळी काढून नष्ट करायची. ती धान्यात मिसळू द्यायची नाहीत, अरगट विषारी असतो. उरलेल्या अर्ध्या एकरात, जिथे माती वीतभरच आहे, तिथे हुलगा किंवा मटकी. फार अपेक्षा नाही, पण रान झाकलं जातं आणि गुरांना भुसा मिळतो.

तक्त्यात सूर्यफूल सगळीकडे दिसेल, आणि ते बरोबरच आहे. दिवसाच्या लांबीशी त्याला फारसं देणंघेणं नसल्यामुळे ते जवळपास केव्हाही पेरता येतं. पण महाराष्ट्रात सूर्यफुलाचं क्षेत्र आता खूप घटलं आहे. २० जुलैला गावच्या कृषी सेवा केंद्रात चांगलं बियाणं मिळेलच असं नाही. आजूबाजूला कुणी पेरलेलं नसलं तर सगळे पक्षी तुमच्याच शेतात उतरतात. बियाणं हाती आल्याशिवाय पीक नियोजनात लिहू नका.

आता तुमचा मूग. तुम्ही अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत, कारण नुसत्या दिवसांच्या हिशोबाने मूग बसतो. २० जुलैला पेरला तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो, काळ्या रानात तर आरामात. मग तो का कापला? तक्त्यातल्या सगळ्या "पेरू नका" पाण्यामुळे आलेल्या नाहीत, म्हणून. जूनमध्ये पेरलेला मूग ऑगस्टमध्येच शेंगा भरून मोकळा होतो. २० जुलैचा मूग फुलावर येतो तो ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, ढगाळ दमट हवेत, आणि नेमकी तेव्हाच भुरी जोर धरते. पानावर पिठासारखा पांढरा थर येतो, पानं लवकर गळतात आणि शेंगा पोचट राहतात. तोच रोग जूनच्या मुगावर आला तरी उशिरा येतो, तोवर माल तयार असतो. पिवळ्या मोझॅकचा धोकाही उशिरा वाढतो. आणि एक व्यावहारिक कारण आहे, जे पुस्तकात सहसा एका ओळीत उरकतात. आपल्याकडे काळ्या रानात मूग-उडीद घेतात ते ऑगस्टअखेर रान मोकळं करून त्यावर रब्बी ज्वारी पेरता यावी म्हणून. सप्टेंबरअखेर निघणारा मूग तो हेतूच मोडतो. रान मशागतीला मिळेपर्यंत वरची ओल उडालेली असते.

खरीप ज्वारीचंही तसंच. तिथे आड येते खोडमाशी. गावात आधी पेरलेल्या ज्वारीवर तिच्या पिढ्या वाढत जातात, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पेरलेलं कोवळं रोप वाढलेल्या माश्यांच्या तावडीत सापडतं. तीन-चार पानांच्या रोपाचं पान उलटून पाहा, मध्यशिरेला समांतर एकेक पांढरं लांबट अंडं दिसेल. अळी पोंग्यात उतरून वाढीचा कोंबच कापते. मधलं पान सुकतं, धरून ओढलं तर अलगद हातात येतं आणि त्याच्या बुडाला कुजका वास येतो. या पोंगेमरीला दिवसांच्या हिशोबात जागाच नाही. तरी कुणाला चाऱ्यासाठी ज्वारी हवीच असेल, तर दाट पेरून मेलेली रोपं गृहीत धरून घेता येते. धान्यासाठी नाही. कापसाचं सांगायला फार नको. जुलैच्या मध्यानंतर कोरडवाहूत तो दोन्हीकडून अडकतो, बोंडं भरायला ओल नाही आणि उशिराच्या बोंडांवर गुलाबी बोंडअळी.

तेव्हा "का?" विचारलं की आधी मनात तीन प्रश्न लावा. पाणी पुरेल त्या तारखेच्या आत दाणा भरेल का? आखूड दिवसांत झाडाची वाढ किती होईल आणि ती उणीव दाट पेरून भरते का? आणि पिकाची नाजूक अवस्था कोणत्या कीड-रोगाच्या भरात येते? तक्त्यातला प्रत्येक "नको" यातल्या एकाशी तरी जोडलेला सापडेल. भुईमूग मुद्दाम सोडला आहे, तो तुम्ही लावून पाहा. आऱ्या जमिनीत कधी शिरतात आणि काढणीला माती कशी असावी लागते, इथून सुरुवात करा.

आपल्या शेताचं एक काम राहिलं. तीन एकर काळं रान आहे, पण मी त्या सगळ्यात सोयाबीन-तूर घेत नाही. दोन एकरच. उरलेला एक एकर पावसाळाभर मोकळा ठेवतो. शेतकऱ्याला हे पटायला जड जातं, पाऊस पडतोय आणि रान रिकामं कसं ठेवायचं? पण हिशोब बघा. २० जुलैचं सोयाबीन २३ ऑक्टोबरला निघतं आणि निघताना जमिनीतली शिदोरी खाऊन जातं. त्यावर कोरडवाहू हरभरा पेरला तर तो नोव्हेंबर लागता लागता कोरड्या मातीत. म्हणजे या दोन एकरांत रब्बी संपल्यात जमा, वर्षभराचा भार सोयाबीन आणि तुरीवर. मोकळ्या एकरात मात्र पडणारा प्रत्येक पाऊस साठतो. उताराला आडवी वखरणी करत राहायची, म्हणजे तण पाणी खात नाही आणि पाणी वाहून न जाता मुरतं. सप्टेंबरच्या मध्याला पुन्हा खड्डा घ्यायचा. ६० सेंटिमीटरच्या खाली सलग ओल असेल तर उत्तरा नक्षत्राच्या पावसावर मालदांडी पेरायची. दाणा आणि बैलांना कडबा, दोन्ही मिळतं. या घरात बैलजोडी आहे म्हणून मी ज्वारी म्हणतो. जनावरं नसती तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हरभरा किंवा करडई सांगितली असती.

पेरणीचा पाऊस २० जुलैऐवजी १० ऑगस्टला आला असता तर हे प्रमाणच उलटलं असतं. तेव्हाचं सोयाबीन दाणा ऑक्टोबरअखेरीला भरतं, म्हणजे शेवटच्या पावसानंतर महिनाभर. काळ्या रानाचीही तेवढी ऐपत नाही. मग तिन्ही एकर रब्बीसाठी राखायचे, किंवा फार तर एका एकरात सलग तूर दाट पेरायची. मुरमाडात बाजरी तेव्हाही चालते, पण धान्यापेक्षा वैरणीच्या आशेवर, नाहीतर सगळाच हुलगा.

या पद्धतीतला सर्वांत कच्चा दुवा कोणता, तेही सांगतो. काळ्या रानाची ८० मिलिमीटरची शिदोरी मी पूर्ण भरलेली धरली आहे. उशिरा सुरू झालेल्या पावसाळ्यात ती भरेलच असं नाही. जमीन उन्हाळ्याची कोरडी, त्यात पीक रोज पीत असतं, आणि ऑगस्ट २०२३ सारखा गेला तर सप्टेंबरअखेर ९० सेंटिमीटरपैकी वरचे ४० सेंटिमीटरच ओले सापडतात. मग वीस दिवसांचे नऊ-दहा होतात. म्हणून सप्टेंबरच्या मध्याचा खड्डा उभ्या सोयाबीनमध्येही घ्या. खाली ओल नसेल तर दाणे भरताना द्यायला एक संरक्षित पाणी कुठून मिळेल ते तेव्हाच शोधायला लागा, शेततळं असेल तर त्यातलं त्याच वेळेसाठी राखून ठेवा. पानं दुपारी कोमेजताना दिसेपर्यंत थांबलात तर त्या पाण्याचा अर्धा उपयोग गेलेला असतो.

आणि दोन्ही जमिनींना एकच सल्ला असतो, हे पूर्ण खरं नाही. वर्तमानपत्रात छापतात तो तक्ता विभागाचा असतो, म्हणून त्यात जमिनी मिसळलेल्या दिसतात. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने कृषी विद्यापीठांच्या मदतीने केलेले जिल्हानिहाय आराखडे उघडा. त्यात पावसाला दोन, चार, सहा आणि आठ आठवडे उशीर झाला तर काय करायचं ते जमिनीच्या प्रकारानुसार वेगवेगळं दिलेलं आहे, आणि पिकाच्या बदलासोबत अंतर, बियाणं असे मशागतीचे बदलही आहेत. तुमच्या जिल्ह्याचा आराखडा घ्या, त्यातली "चार आठवडे उशीर" ही रांग काढा आणि वरच्या पद्धतीने स्वतः हिशोब करून ताडून पाहा. जिथे तुमचं उत्तर जुळणार नाही त्या ओळी इथे टाका, त्यावर बोलू.